चार वर्षांची बचत आणि एक बॅटरी

जानेवारी २०२३ मध्ये मी इलेक्ट्रिक टॅक्सी घेतली. तोवर चिंचवडमध्ये माझ्या दोन पेट्रोल सेडान चालत होत्या, एक माझ्या हातात आणि एक ड्रायव्हरच्या. सकाळ-संध्याकाळ हिंजवडीतल्या एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांची ने-आण आणि मधल्या वेळेत विमानतळाची भाडी, असं काम. सीएनजी का नाही, असं मला बरेच जण विचारायचे. विमानतळाच्या भाड्याला दोन मोठ्या बॅगा असतातच आणि सीएनजीच्या टाकीने डिकी निम्मी जाते. शिवाय तेव्हा पंपावर तास-तास रांग लागायची आणि कंपनीच्या पाळीची वेळ कुणासाठी थांबत नाही. म्हणून मी पेट्रोलवर राहिलो होतो आणि त्याची किंमत रोज मोजत होतो.

किती मोजत होतो ते वहीत आहे. शहरात, एसी लावून, माझी पेट्रोल गाडी लिटरला साडेसोळा किलोमीटर द्यायची. पेट्रोल १०६ रुपये. म्हणजे किलोमीटरला ६ रुपये ४२ पैसे. महिन्याला पाच हजार किलोमीटर धरले तर बत्तीस हजार रुपये एका गाडीच्या टाकीत. इलेक्ट्रिक गाडीचा विचार या एका आकड्यापायी सुरू झाला.

मी घेतलेल्या सेडानची बॅटरी २६ किलोवॅट-तासांची, म्हणजे आपल्या भाषेत २६ युनिटची. कागदावर ती तीनशेच्या वर धावते. रस्त्यावर, चार माणसं आणि एसी घेऊन, नवी असताना पूर्ण चार्जवर मला दोनशे दहा मिळायचे. त्यातले शेवटचे पंधरा टक्के मी कधी वापरत नाही, तेव्हा हिशोबाला धरायचे एकशे ऐंशी. माझं रोजचं काम एकशे नव्वदचं. दुपारी कुठेतरी अर्धा तास जलद चार्जिंग करावंच लागणार, हे घेण्याआधीच कळलेलं होतं.

आता किमतीचं. रस्त्यावर आणेपर्यंत पेट्रोल सेडान तेव्हा मला ७ लाख ९० हजारांना पडत होती आणि इलेक्ट्रिक १२ लाख ४० हजारांना. यात केंद्राची फेम-२ योजनेची सवलत आधीच वजा होती. ती योजना ३१ मार्च २०२४ ला संपली आणि नंतर आलेल्या पीएम ई-ड्राइव्हमध्ये टॅक्सीच्या मोटारी नाहीत, तेव्हा आज घेणाऱ्याने माझी किंमत धरून चालू नये. मोटार वाहन कर इलेक्ट्रिकला माफ होता. वेगळा परवानाही काढावा लागला नाही, कारण बॅटरीवरच्या व्यावसायिक वाहनांना केंद्राने २०१८ मध्येच परवान्यातून सूट दिली आहे. हिरवी पाटी, त्यावर पिवळी अक्षरं, आणि गाडी कामाला लागली.

पण साडेचार लाखांचा फरक एवढाच खरा फरक नव्हता. खरा फरक कर्जात निघाला. पेट्रोल गाडीला दहा टक्क्यांनी पाच वर्षांची मुदत सहज मिळत होती. इलेक्ट्रिक टॅक्सीला साडेबारा टक्के, आणि मुदत चारच वर्षं. अधिकाऱ्याने कारण स्पष्ट सांगितलं, "चार वर्षांनी ही गाडी ओढून आणली तर कितीला विकायची, तेच आम्हाला ठाऊक नाही." पेट्रोलवर साडेसहा लाखांचं कर्ज घेतलं असतं तर हप्ता १३,८०० च्या आसपास बसला असता. इलेक्ट्रिकवर दहा लाख घेतले, हप्ता २६,५८०. म्हणजे महिन्याला पावणेतेरा हजार जास्त, आणि पदरचे भरायचे पैसेही एक लाखाने जास्त. शोरूममधल्या तक्त्यात इंधनाची बचत होती, हप्त्यातला हा फरक नव्हता.

पहिल्या महिन्याचं वीजबिल पाहून मी हबकलो. गाडी मी घरच्या मीटरवर, साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर लावत होतो. घरचा वापर महिन्याला १८० युनिट, त्यात गाडीने साडेचारशेच्या वर युनिट घातले. घरगुती दर टप्प्यांचा असतो. तीनशेच्या पुढचं युनिट चौदा-पंधरा रुपयांना आणि पाचशेच्या पुढचं सतराच्या घरात पडलं, वर वीज शुल्क वेगळं. रस्त्यावरच्या जलद चार्जरचा दर तेव्हा वीस रुपये होता. घरी रात्रभर गाडी लावून मी जवळजवळ तेवढेच मोजत होतो. लगेच महावितरणकडे इलेक्ट्रिक वाहन चार्जिंगच्या स्वतंत्र जोडणीसाठी अर्ज केला. त्या मीटरवर सगळे आकार धरून युनिट मला नऊ रुपयांना पडायला लागलं. जोडणी यायला सव्वा महिना गेला. नवी गाडी घेणाऱ्याला मी आता हेच सांगतो की आधी मीटर बसव, मग गाडी बुक कर.

त्याच सव्वा महिन्यात प्लगही वितळला. गीझर अर्धा तास चालतो, गाडी आठ-नऊ तास सलग तेवढाच प्रवाह ओढते. साध्या सॉकेटची पकड थोडी सैल झाली की तिथे उष्णता साठते. मला पहाटे वास आला म्हणून कळलं. नव्या मीटरबरोबर जाड वायर, औद्योगिक सॉकेट, वेगळा एमसीबी आणि अर्थिंगचा स्वतःचा खड्डा, असं सगळं करून घेतलं. अठरा हजार गेले. तेव्हापासून एकदाही अडचण नाही.

चार महिन्यांनी हिशोब स्थिरावला. मीटरच्या एका युनिटवर गाडी साडेसात किलोमीटर जाते. बॅटरीत गेलेल्या युनिटवर ती त्याहून जास्त जाते, पण भिंतीपासून बॅटरीपर्यंत जाताना दहा-बारा टक्के वीज उष्णतेत जाते आणि घरचं बिल भिंतीवरच्या मीटरचं येतं. जलद चार्जर मात्र बॅटरीकडे गेलेलेच युनिट मोजतो. म्हणजे घरी किलोमीटरला १ रुपया २० पैसे आणि जलद चार्जरवर २ रुपये ४५ पैसे. माझे सत्तर टक्के किलोमीटर घरच्या विजेवर होतात, तीस टक्के बाहेरच्या. सरासरी १ रुपया ५७ पैसे. पेट्रोलशी तुलना केली तर किलोमीटरमागे ४ रुपये ८५ पैसे वाचले. पाच हजार किलोमीटरला सव्वाचोवीस हजार. त्यातून जास्तीचा हप्ता गेला की हातात साडेअकरा हजार. ऑइल, फिल्टर, क्लच यांचा खर्च नाही, पण गाडीची किंमत जास्त म्हणून विमा जास्त आणि टायरही थोडे लवकर झिजले. या दोन बाजू एकमेकांत फिटल्या, म्हणून त्या मी बाजूला ठेवतो.

याच हिशोबातून दोन गोष्टी लख्ख दिसल्या. महिन्याला साधारण साडेसव्वीसशे किलोमीटरपेक्षा कमी धावणाऱ्या गाडीला इंधनाच्या बचतीतून हा जास्तीचा हप्ता निघत नाही. स्टँडवर दिवसभर भाड्याची वाट पाहणाऱ्या माझ्या मित्राने मला पाहून इलेक्ट्रिक घ्यायचं ठरवलं होतं. त्याचं रनिंग बावीसशे होतं. मी त्याला वही दाखवून थांबवलं. दुसरं म्हणजे सीएनजी. तेव्हा सीएनजी गाडीचा किलोमीटरचा खर्च तीन रुपये ऐंशीच्या आसपास यायचा. त्याच्याशी ताडून पाहिलं तर माझी बचत महिन्याला अकरा हजारांवर येते आणि हप्त्यातला फरक त्याहून मोठा आहे. ज्याचं काम सीएनजीवर भागतं, त्याला कर्ज फिटेपर्यंत इलेक्ट्रिकमध्ये काही उरत नाही. माझी बचत दिसते, कारण मी पेट्रोलवरून आलो.

आता बॅटरी. या एका गोष्टीने माझी झोप उडवली होती, आणि याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं.

बॅटरीची हमी आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते. घरच्या गाडीला आठ वर्षं आधी येतात. टॅक्सीला किलोमीटर. माझ्या वेगाने एक लाख साठ हजार म्हणजे पावणेतीन वर्षं. कर्जाचे सव्वा वर्षाचे हप्ते बाकी असतानाच हमी संपणार, हे मी घेताना वाचलं होतं, पण त्याचा अर्थ पुरता उमगला नव्हता. वर्षभराने मी सर्व्हिस सेंटरला सहज विचारलं की पूर्ण बॅटरी बदलायची तर किती. तोंडी आकडा मिळाला, साडेपाच लाख. घरी येऊन साडेअकरा हजारांना अठ्ठेचाळीस महिन्यांनी गुणलं. पाच लाख बावन्न हजार. चार वर्षांत वाचणार होते तेवढेच पैसे एका बॅटरीचे होते.

त्या दिवसापासून बॅटरी किती उतरते आहे, हे मी स्वतः मोजायला लागलो. डॅशबोर्डवरचा किलोमीटरचा अंदाज यासाठी निरुपयोगी आहे. तो गेल्या काही दिवसांच्या चालवण्यावरून बदलत राहतो. माझी रीत अशी. महिन्याच्या पहिल्या रविवारी गाडी शंभर टक्क्यांवरून बरोबर वीस टक्क्यांवर आणायची. मग घरच्या मीटरवर पुन्हा शंभरपर्यंत भरायची आणि किती युनिट गेले ते लिहायचं. नव्या बॅटरीला हिशोबाने ऐंशी टक्के भरायला २३.४ युनिट लागतात. जसजशी बॅटरीची कुवत घटते, तसतसे त्याच ऐंशी टक्क्यांत कमी युनिट मावतात. एक लाख किलोमीटरला आकडा २१.४ आला, म्हणजे कुवत एक्क्याण्णव टक्के. भीती वाटावी असं काही नव्हतं.

मे २०२५. मीटरवर १ लाख ३८ हजार. मुंबई विमानतळाहून एक कुटुंब घेऊन पुण्याला येत होतो, सोबत त्यांच्या वयस्कर आई. पनवेलला चार्ज करून निघालो होतो. खोपोली सोडून बोरघाट चढायला लागलो. हा चढ जवळजवळ पाचशे मीटर उंचीचा आहे, तो चढायला सपाट रस्त्याहून बॅटरीचे दहाएक टक्के जास्तीचे जातात, हे मला पाठ होतं. पण अर्ध्या घाटात एकतीस टक्के दिसत असताना दोन-तीन मिनिटांत आकडा बारावर आला. पडद्यावर कासवाचं चिन्ह आलं आणि गाडीची ताकद गेली. पाय पूर्ण दाबूनही वेग तीसच्या वर जाईना, मागून ट्रेलर. धोक्याचे दिवे लावून मी कसाबसा कडेच्या मोकळ्या जागेत आलो. आजी एकच वाक्य बोलल्या, "बाळा, घाई करू नकोस, आम्ही बसतो." मला फार लाज वाटली. ओळखीच्या गाडीला फोन करून त्यांना पुढे पाठवलं आणि अर्थात भाडं घेतलं नाही.

त्या थांबण्यातच बिघाड काय आहे याची खूण मिळाली. गाडी उभी राहून पंधरा मिनिटं झाली आणि बारा टक्के पुन्हा चोवीस झाले. वीज खरोखर संपली असती तर आकडा वर आला नसता. बॅटरीत सेलचे गट एकामागे एक साखळीने जोडलेले असतात. त्यातला एक अशक्त झाला की सपाट रस्त्यावर कळत नाही. चढावर मोटर जोराने प्रवाह मागते, तेव्हा त्या एकाचं व्होल्टेज इतरांच्या आधी तळाला जातं. त्याला वाचवण्यासाठी यंत्रणा सगळ्या गाडीची ताकद कापते, बाकीचे सेल भरलेले असले तरी. जोर थांबला की तो सेल सावरतो, म्हणून आकडा परत वर येतो.

हळूहळू लोणावळ्यापर्यंत आलो. दुसऱ्या दिवशी गाडीच्या तपासणीसाठी असलेल्या ओबीडी पोर्टमध्ये लावायचं छोटं उपकरण एकाकडून मागून आणलं आणि मोबाइलवर सेलची व्होल्टेज पाहिली. ऐंशी टक्क्यांवर सगळे सारखे, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा यांत वीस-पंचवीस मिलिव्होल्टचा फरक. हेच तीस टक्क्यांच्या खाली, चढावर, फरक दोनशेच्या पुढे गेला. आणि दर वेळी तळाला तोच एक सेल. या जातीच्या, लिथियम आयर्न फॉस्फेटच्या, बॅटरीत मधल्या टप्प्यात व्होल्टेज जवळजवळ हलत नाही. म्हणून भरलेल्या गाडीची तपासणी करून "सगळं ठीक आहे" म्हटलं तर त्याला अर्थ नसतो. मी गाडी पंचवीस टक्क्यांवर आणूनच सर्व्हिस सेंटरला नेली आणि मोबाइलवर टिपलेले आकडे दाखवले. त्यामुळे वाद झाला नाही. वेळेवर केलेल्या सगळ्या सर्व्हिसिंगच्या पावत्या मागितल्या, त्या माझ्याकडे होत्या.

बॅटरी खाली उतरवून त्यातलं एक मोड्यूल, म्हणजे सेलचा एक गठ्ठा, बदललं. पूर्ण बॅटरी बदलावी लागली नाही. हमीत होतं, एक रुपया लागला नाही. पण मोड्यूल यायला दोन आठवडे, मग ते बाकीच्यांच्या पातळीला आणून बसवायला काही दिवस, असे एकोणीस दिवस गाडी उभी होती. कंपनीचं काम सोडता येत नव्हतं, म्हणून दुसऱ्याची गाडी रोजावर लावली. हप्ता चालूच. ते भाडं आणि बुडालेला धंदा मिळून पस्तीस हजारांच्या वर फटका बसला, म्हणजे तीन महिन्यांची बचत. पेट्रोल गाडीचं इंजिन उघडायचं म्हटलं तरी ओळखीचा मेकॅनिक चार दिवसांत देतो. इथे तो मेकॅनिक नाही, आणि बाहेर कुणी उघडली तर हमी जाते. बॅटरीच्या किमतीइतकीच या उभ्या दिवसांचीही तरतूद हवी, हे मला तिथे कळलं.

हमी नसती तर हे मोड्यूल आणि मजुरी मिळून सत्तर हजारांच्या आसपास गेलं असतं, असं तिथल्याच सुपरवायझरने सांगितलं. या माहितीने माझा हिशोब बदलला. बॅटरी एका रात्रीत संपते आणि साडेपाच लाख एकदम मोजायचे, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळी बॅटरी सावकाश म्हातारी होते, आणि तिची चाहूल वहीतल्या युनिटांत दोन वर्षं आधी लागते. एखादा सेल मात्र मध्येच आजारी पडतो, आणि त्याची दुरुस्ती पेट्रोल गाडीच्या मोठ्या कामाच्या आवाक्यातली आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये एक लाख साठ हजार पूर्ण झाले आणि हमी संपली. तेव्हा ऐंशी टक्क्यांत २०.४ युनिट मावले, म्हणजे सत्याऐंशी टक्के कुवत. पूर्ण चार्जवर आता एकशे ऐंशी किलोमीटर मिळतात. याच चालीने उतरत गेली तर तीन लाखांच्या आसपास ती पंचाहत्तर टक्क्यांवर येईल आणि दिवसाला दोनदा जलद चार्जिंग लागेल. तेव्हा ती गाडी कंपनीच्या कामाला चालणार नाही, पण शहरातल्या छोट्या भाड्यांना चालेल. मुंबईची भाडी मी आजच तिच्यावर घेत नाही. कर्ज जानेवारी २०२७ ला फिटतं, तेव्हा ती अडीच लाखांच्या आत असेल. तिथून पुढे प्रत्येक महिन्याला हप्त्याचे साडेसव्वीस हजार मोकळे होतात, आणि या गाडीची खरी कमाई तिथून सुरू होते. तोवर मी महिन्याला सहा हजार बँकेत वेगळे टाकतो आहे. वर्षाला बहात्तर हजार, म्हणजे एक मोड्यूल.

माझ्या ड्रायव्हरची पेट्रोल गाडी यंदा बदलायची होती. त्यालाही इलेक्ट्रिकच हवी होती. म्हणाला, "शेठ, क्लच दाबून दाबून गुडघा गेलाय. तुमच्या गाडीत दिवस कसा जातो कळत नाही." त्याचं म्हणणं खरं आहे. हिंजवडीच्या गर्दीत दहा तास चालवणाऱ्याच्या शरीराला फरक पडतो आणि तो कुठल्याच तक्त्यात येत नाही. पण तो गाडी रात्री तळेगावला घरी नेतो, भाड्याची खोली, गाडी रस्त्यावर. प्रत्येक युनिट बाहेरून वीस रुपयांना घ्यावं लागलं असतं, शिवाय रोज दीड-दोन तास चार्जरवर बसणं. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, इलेक्ट्रिकचा पाचच राहिला, त्यामुळे किमतीतला फरक आणखी वाढला. राज्याच्या २०२५ च्या धोरणात इलेक्ट्रिकला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोलमाफी आहे, पण त्याच्या गाडीला महिन्यातून मोजक्याच वेळा मुंबईचं काम असतं. मी त्याच्यासाठी पुन्हा पेट्रोलच घेतली. त्याला समोर बसवून सगळे आकडे दाखवले आणि तळेगावात मीटर बसवता येईल अशी जागा मिळाली तर पुढची गाडी इलेक्ट्रिक, असं ठरवलं. तो आता जागा शोधतो आहे.

माझी गाडी आठवड्यातून एकदा घरच्या मंद चार्जरवर पूर्ण शंभरपर्यंत भरून तासभर तशीच लावून ठेवतो. या जातीच्या बॅटरीत सेल एकमेकांच्या पातळीला येण्याची संधी त्या शेवटच्या टप्प्यातच मिळते. रोज जलद चार्जरवर ऐंशीला काढून पळणाऱ्यांच्या गाड्यांत हीच गोष्ट राहून जाते. ओबीडीचं उपकरण आता मी स्वतःचं घेतलं आहे. काल पंचवीस टक्क्यांवर, देहूरोडच्या चढावर, सगळ्यात वरच्या आणि खालच्या सेलमधला फरक अडतीस मिलिव्होल्ट आला. मागच्या महिन्यात पस्तीस होता. तारीख टाकून लिहून ठेवला आहे.